चार वर्षांचा पॉइंटर कुठवर जाईल? उरलेल्या सेमिस्टरच्या हिशेबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलैत निकाल लागले की रत्नागिरीतल्या आमच्या स्टाफरूमच्या दारात मुलं उभी राहतात. बाहेर पाऊस कोसळत असतो, गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली असते आणि प्रश्न एकच असतो: "सर, आता पॉइंटर सात होईल ना?" इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवताना या प्रश्नाचं उत्तर मी इतक्यांदा कागदावर मांडून दाखवलंय की ते एकदा नीट लिहून ठेवावंसं वाटलं. खालचे प्रश्न मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी विचारलेले आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकाच मुलाचं ठेवलं आहे, म्हणजे आकडे प्रत्येक वेळी नव्याने समजून घ्यावे लागणार नाहीत.

### एसजीपीए आणि सीजीपीए यांत नेमका फरक काय?

एका सेमिस्टरचा पॉइंटर म्हणजे एसजीपीए. सुरुवातीपासून आजवरच्या सगळ्या सेमिस्टरचा मिळून जो पॉइंटर येतो तो सीजीपीए.

दोन्हींच्या मुळाशी एकच क्रिया आहे. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात आणि तुम्हाला मिळालेल्या ग्रेडला पॉइंट असतात. यूजीसीच्या दहा पॉइंटांच्या पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि नापास शून्य. विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेडचे पॉइंट, अशी प्रत्येक विषयाची कमाई काढायची, तिची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं.

पुढचा सगळा हिशेब या कमाईवरच चालतो. मुलं पॉइंटर पाठ करून येतात, पण मी त्यांना आधी "कमाई किती झाली?" असं विचारतो. कमाई फक्त बेरजेने वाढते, त्यामुळे ती हाताळायला सोपी असते. पॉइंटर हा भागाकार आहे, आणि दोन भागाकारांची बेरीज करायला गेलं की चूक होते.

### माझा पॉइंटर आत्ता अमुक आहे. चार वर्षांनी किती होईल?

राजापूरकडचा एक मुलगा तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल घेऊन आला होता. त्याच्या अभ्यासक्रमाचे चार वर्षांचे एकूण क्रेडिट १६०. एआयसीटीईच्या २०१८ च्या मॉडेल अभ्यासक्रमातही बी. टेक.ला एवढेच धरले होते. आठ सेमिस्टरचे क्रेडिट क्रमाने १७, २१, २२, २२, २१, २२, २० आणि १५.

त्याचे तीन निकाल असे होते. पहिल्या सेमिस्टरला १७ क्रेडिटवर १०५ पॉइंट, म्हणजे ६.१८. दुसऱ्याला २१ क्रेडिटवर १२४, म्हणजे ५.९०. तिसऱ्याला २२ क्रेडिटवर १५०, म्हणजे ६.८२. एकूण ६० क्रेडिटवर ३७९ पॉइंट आणि सीजीपीए ६.३२. उरले बरोबर १०० क्रेडिट.

अंदाज बांधायचा तर एक गोष्ट धरून चालावी लागते: यापुढच्या प्रत्येक सेमिस्टरला एसजीपीए सारखाच पडेल. तो ७ धरला तर १०० क्रेडिटवर ७०० पॉइंट येतील, एकूण १०७९ होतील आणि १६० ने भागल्यावर ६.७४ निघेल. ७.५ धरला तर ७.०६. ८ धरला तर ७.३७.

या तीन उत्तरांकडे पाहिलं की उरलेल्या क्रेडिटचं वजन कळतं. धरलेला एसजीपीए पूर्ण एक पॉइंटने वाढवला, तरी शेवटचा सीजीपीए पाऊण पॉइंटनेही वाढत नाही. तो ०.६२५ ने वाढतो, कारण १६० पैकी १०० क्रेडिटच अजून आपल्या हातात आहेत. हा एक भागाकार करून पाहिला की अवास्तव आशाही राहत नाही आणि उगाच घाबरायलाही होत नाही.

### मला शेवटी ७ हवा आहे. दर सेमिस्टरला किती पाडायला हवा?

तोच हिशेब उलटा करायचा. १६० क्रेडिटवर ७ म्हणजे ११२० पॉइंट. त्यातले ३७९ झालेत. राहिले ७४१, तेही १०० क्रेडिटमध्ये. म्हणून हवा असलेला एसजीपीए ७.४१.

याच मुलाला ६.७५ पुरत असेल, तर १०८० वजा ३७९ म्हणजे ७०१, आणि उत्तर ७.०१. ७.५ हवा असेल तर ८.२१. ८ हवा असेल तर ९.०१.

एक्सेलमध्ये करायचं असेल तर B1 मध्ये हवा असलेला सीजीपीए, B2 मध्ये एकूण क्रेडिट, B3 मध्ये आजचा सीजीपीए आणि B4 मध्ये झालेले क्रेडिट भरा, आणि पाचव्या चौकटीत हे लिहा:

```
=(B1*B2-B3*B4)/(B2-B4)
```

गुणपत्रिकेवरचा सीजीपीए दोन दशांशांपर्यंत राउंड केलेला असतो, त्यामुळे उत्तर शेवटच्या दशांशात किंचित हलू शकतं. आमच्या उदाहरणात ६.३२ गुणिले ६० केलं तर ३७९ ऐवजी ३७९.२ येतात. एवढ्याने काही बिघडत नाही. पण अगदी काठावरची गोष्ट असेल तर पॉइंटर न घेता विषयवार कमाईची बेरीज घ्या. ११२० च्या जागी १११९ पॉइंट झाले तर सीजीपीए ६.९९ येतो, आणि ७ ची अट लावणारी यादी ६.९९ ला आत घेत नाही.

### हे शक्य आहे की नाही, ते कसं ओळखायचं?

सूत्र कुठलाही आकडा देतं. तो मिळवता येईल का, हे आपण पाहायचं असतं.

पहिली कसोटी छताची. उरलेल्या सगळ्या क्रेडिटला १० पडले तर काय होईल ते काढा. या मुलाचं छत ३७९ अधिक १०००, भागिले १६०, म्हणजे ८.६२. त्याला ९ हवा असता तर तो विषय तिथेच संपला असता. सूत्राचं उत्तर १० च्या वर आलं, तर त्याचाही अर्थ हाच.

दुसरी कसोटी मला जास्त महत्त्वाची वाटते. आलेला आकडा तुमच्या आजवरच्या सर्वांत चांगल्या सेमिस्टरशी ताडून पाहा. या मुलाचं सर्वांत चांगलं सेमिस्टर ६.८२ चं. ७.४१ म्हणजे त्याहून ०.६ वर, आणि तेही एकदा नाही, सलग पाच वेळा. हे कठीण आहे, पण होऊ शकतं. तिसऱ्या सेमिस्टरला तो दुसऱ्यापेक्षा जवळजवळ एक पॉइंट वर आलाच होता. ९.०१ मात्र त्याच्या सर्वोत्तमाहून दोन पॉइंटांहून वर आहे. "आठ करीनच सर," असं तो म्हणाला तेव्हा मी त्याला हेच दोन आकडे एकाखाली एक लिहून दाखवले.

### ७.४१ अशी ग्रेडच नसते. मग अभ्यासाला बसताना याचा अर्थ काय लावायचा?

हा प्रश्न फार कमी मुलं विचारतात, आणि कामाचा तोच आहे. ७.४१ चं विषयांत भाषांतर करावं लागतं.

चौथ्या सेमिस्टरला २२ क्रेडिट. ७.४१ ने १६३ पॉइंट लागतात. सगळ्या विषयांत बी प्लस पडला तर १५४ होतात. कमी पडतात ९. एका क्रेडिटला बी प्लसच्या जागी ए मिळाला की एक पॉइंट वाढतो. म्हणजे नऊ क्रेडिटला ए हवा: तीन क्रेडिटचे तीन विषय ए मध्ये आणि बाकी सगळं बी प्लसमध्ये. आता ते तीन विषय कोणते, हे नावानिशी ठरवता येतं.

उलट बाजूही तशीच मोजता येते. चार क्रेडिटच्या एका विषयाला बी प्लसऐवजी सी पडला तर आठ पॉइंट जातात. एवढ्यानेच त्या तीन ए ची जवळजवळ सगळी कमाई पुसली जाते. म्हणून आवडत्या विषयात ए चा ए प्लस करण्याआधी नावडत्या मोठ्या विषयाकडे पाहा, असं मी सांगतो. प्रॅक्टिकलचे क्रेडिटही विसरू नका. ते थोडेच असतात, पण तिथे जर्नल वेळेवर पूर्ण असलं आणि तोंडी परीक्षेची तयारी असली की चांगली ग्रेड त्यामानाने सहज हाती लागते.

### प्रत्येक सेमिस्टरला बरोबर तेवढाच पडायला हवा का?

नाही. सारखा एसजीपीए हे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेलं गृहीतक आहे. उरलेल्या सगळ्या क्रेडिटची सरासरी ७.४१ आली की झालं. एका सेमिस्टरला ७ आणि दुसऱ्याला ७.८ आला तरी चालतं.

खरं तर कोकणातल्या आमच्या मुलांचं वर्ष सारखं जातच नाही. पावसाळी सेमिस्टरच्या मधोमध गणपती येतात. देवगड, मालवणकडची मुलं घरी गेली की चाकरमान्यांच्या गर्दीतून परतायला त्यांना वेळ लागतो, आणि नेमक्या तेव्हाच चाचण्या लागलेल्या असतात. दुसऱ्या सेमिस्टरला शिमगा येतो, पालखी घरी येणार म्हणून पोरं गावाला जाणारच. त्यांनी जाऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही. पण आपल्या आधीच्या निकालांत विषम आणि सम सेमिस्टरमध्ये ठरावीक फरक पडतो का ते पाहावं, आणि पडत असेल तर दोघांसाठी वेगळे आकडे धरावेत. फक्त क्रेडिट सारखे नसतात हे लक्षात ठेवा. आठव्या सेमिस्टरला प्रोजेक्टमुळे पॉइंटर चांगला पडतो म्हणून मुलं त्याच्यावर भिस्त ठेवतात, पण इथे ते १५ क्रेडिटचंच आहे. तिथे एक पूर्ण पॉइंट जास्त मिळाला तरी चार वर्षांच्या पॉइंटरमध्ये ०.०९ ची भर पडते.

### मी ठरल्याप्रमाणे करतोय, तरी सीजीपीए इतका हळू का वाढतो?

कारण भागाकारात खाली येणारे क्रेडिट वाढत जातात. या मुलाने दरवेळी बरोबर ७.४१ पाडला असं समजा. त्याचा सीजीपीए चौथ्यानंतर ६.६१ होईल, पाचव्यानंतर ६.७७, सहाव्यानंतर ६.८९, सातव्यानंतर ६.९६, आणि आठव्यानंतर ७.००.

पहिली उडी ०.२९ ची, शेवटची ०.०४ ची. मेहनत तेवढीच आणि एसजीपीएही तोच, पण दिसणारी वाढ घटत जाते. सहाव्या सेमिस्टरला मुलं इथेच हिरमुसतात. आपण बरोबर चाललोय का हे पाहायचं असेल तर सीजीपीए किती वाढला ते बघू नका. हवा असलेला एसजीपीए पुन्हा काढा. तो ७.४१ च राहिला असेल तर तुम्ही वाटेवर आहात. खाली आला असेल तर हाताशी थोडी शिल्लक जमली आहे.

### कॅम्पस भरतीला ७ लागतो. मग ७.४१ पुरेल ना?

इथे मी स्वतः चुकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलीला मी असाच आकडा काढून दिला आणि तिने तो दर सेमिस्टरला मनापासून पाळला. सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीला कॅम्पसची यादी लागली, आणि तिचा पॉइंटर तेव्हा सातच्या जरासा खाली होता. तिच्या कष्टात काही कमी नव्हतं. मी तिला सात कधीपर्यंत हवा आहे, हे विचारलंच नव्हतं.

वरचे आकडे पुन्हा पाहा. ७.४१ च्या वाटेवरचा मुलगा आठव्या सेमिस्टरच्या निकालालाच सातला टेकतो. कॅम्पस सातव्यात सुरू होतो आणि तिथे सहाव्यापर्यंतचा पॉइंटर पाहिला जातो. त्या दिवशी त्याच्याकडे ६.८९ असेल.

तेव्हा हिशेब सहाव्या सेमिस्टरपर्यंतचाच करायचा. तोवरचे क्रेडिट १२५, म्हणजे ७ साठी ८७५ पॉइंट. ३७९ वजा केले की राहतात ४९६, आणि क्रेडिट ६५. उत्तर ७.६३. सूत्रात एकूण क्रेडिटच्या जागी १६० न लिहिता १२५ लिहिलं की झालं. हल्ली मी आधी तारीख विचारतो आणि मगच आकडा सांगतो.

### एका सेमिस्टरला कमी पडला तर पुढे किती भरून काढावं लागतं?

जितके पॉइंट कमी पडले, ते उरलेल्या क्रेडिटवर वाटले जातात.

चौथ्या सेमिस्टरला १६३ हवे होते आणि १५३ च आले असं समजा. दहा पॉइंट गेले. पुढे ७८ क्रेडिट आहेत, म्हणून हवा असलेला एसजीपीए ७.४१ वरून ७.५४ होतो. हे झेपण्यासारखं आहे. तेच दहा पॉइंट सातव्या सेमिस्टरला गेले तर पुढे फक्त १५ क्रेडिट उरतात, आणि आठव्यात ७.४१ ऐवजी ८ च्या वर जावं लागतं.

### केटी लागली तर हिशेब कसा करायचा?

नापास विषयाला शून्य पॉइंट मिळतात, पण यूजीसीच्या पद्धतीत त्याचे क्रेडिट भागाकारात राहतात. म्हणून पॉइंटर एकदम कोसळलेला दिसतो. २२ क्रेडिटपैकी चारचा एक विषय गेला आणि बाकी सगळीकडे बी प्लस आहे, तर १२६ भागिले २२ म्हणजे ५.७३. तोच विषय पुढे सी ग्रेडने सुटला की त्या सेमिस्टरचा पॉइंटर ६.६४ होतो. काही विद्यापीठं केटी सुटेपर्यंत पॉइंटर छापतच नाहीत.

अंदाज काढताना मी केटीचे क्रेडिट झालेल्यात धरत नाही, उरलेल्यात धरतो. त्यामुळे ५.७३ सारख्या तात्पुरत्या आकड्यावरून पुढचं गणित बिघडत नाही. पण त्या विषयात पुढे ए पडेल असंही धरू नका. केटीची परीक्षा चालू सेमिस्टरच्या विषयांबरोबर द्यावी लागते. तिथे सी धरा आणि बाकीच्या क्रेडिटवर काय लागतं ते वेगळं काढा.

### सरळ सेमिस्टरच्या पॉइंटरांची सरासरी काढली तर?

या मुलाच्या बाबतीत ६.३० येते, खरा आकडा ६.३२. फरक थोडा आहे, आणि बहुतेकांचा थोडाच असतो. पॉइंटर खूप वरखाली झाले असतील किंवा अट काठावर असेल, तेव्हा मात्र हाच फरक नडतो. क्रेडिट गुणपत्रिकेवर छापलेलेच असतात, म्हणून त्यांच्यासकटच करा.

### मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आले. मला हे सूत्र चालेल का?

सूत्र तेच, एकूण क्रेडिट वेगळे. पहिल्या वर्षाचे ३८ क्रेडिट तुमच्या हिशेबात नसतील तर वरच्या अभ्यासक्रमात १२२ उरतात. सीजीपीएत कुठली सेमिस्टर धरली जातात हे आधी परीक्षा विभागात विचारून घ्या. एकूण क्रेडिट कमी, म्हणून तुमचा पॉइंटर प्रत्येक सेमिस्टरला जास्त हलतो, वरही आणि खालीही.

### दापोलीला कृषी पदवी करणाऱ्यांचं काय?

तिथे विषयाचे ग्रेड पॉइंट गुणांना दहाने भागून येतात, म्हणजे ७६ गुणांना ७.६. त्यामुळे "ए की बी प्लस" असं भाषांतर करावं लागत नाही. ७.४१ हवा असेल तर सरासरी ७४ गुण, इतकं ते सरळ आहे. बाकी सगळी रीत हीच.

### माझी अट टक्क्यांत दिली आहे. कसं करू?

आधी ती अट पॉइंटरमध्ये बदला, मग हिशेब करा. टक्के आणि पॉइंटर यांची सांगड प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते, म्हणून गुणपत्रिकेच्या मागे छापलेला किंवा विद्यापीठाने परिपत्रकात दिलेला नियमच वापरा. मित्राच्या विद्यापीठाचं सूत्र आपल्याला लावणं ही नेहमीची चूक आहे. दहाने गुणणं ही दुसरी.

### हिशेब पुन्हा कधी करायचा?

प्रत्येक निकालानंतर.

तो राजापूरचा मुलगा चौथ्या सेमिस्टरनंतर पुन्हा आला. त्याला खरंच १५३ च पडले होते, पॉइंटर ६.९५. त्याचं ते आजवरचं सर्वांत चांगलं सेमिस्टर होतं, तरी तो खाली मान घालून उभा होता. ८२ क्रेडिटवर कमाई ५३२ झाली होती. कॅम्पसपर्यंत सात गाठायचा तर उरलेल्या दोन सेमिस्टरला ७.९८ लागत होता. तो आकडा आम्ही दोघांनी कागदावर पाहिला आणि बाजूला ठेवला. मग सहाव्यापर्यंत ६.७५ साठी काय लागतं ते काढलं. ४३ क्रेडिटवर ३११.७५ पॉइंट, म्हणजे ७.२५. ते जमलं तर शेवटी सात होण्यासाठी सातव्या आणि आठव्यात मिळून ७.८९ लागेल, तेही प्रोजेक्टचे क्रेडिट धरून.

त्याने ७.२५ चं विषयांत भाषांतर करायला घेतलं. पाचव्याच्या २१ क्रेडिटला बी प्लसच्या वर सहा पॉइंट हवे होते. तीन क्रेडिटचे दोन विषय त्याने स्वतः निवडले, कागदाची घडी पिशवीत टाकली आणि साडेचारची एसटी गाठायला निघाला.